पेपरवर कुणाचं नाव कुठं? आधी कामांचा कागद करा

नमस्कार सर,
मी बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची गेस्ट लेक्चरर आहे आणि पीएच.डी. करते. निपाणी-चिकोडी भागातल्या उसाच्या पट्ट्यात विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती उतरतं, यावरचा आमचा पेपर पुढच्या महिन्यात जर्नलला पाठवायचा आहे. नमुने, तपासणी आणि मसुदा माझा. विषय आणि दिशा गाईड सरांची. आकडेमोड आणि नकाशे कोल्हापूरच्या एका सहकाऱ्यानं केले, त्याला दुसरं नाव हवंय. शेतकऱ्यांच्या मुलाखती निपाणीजवळच्या एका हायस्कूलच्या गुरुजींनी घेतल्या, खताच्या पोत्यांचा हिशेबही त्यांनीच बसवून दिला. ते म्हणतात, "माझं नाव कशाला?" एचओडींचं नाव मात्र घालायची विभागात पद्धत आहे. नावांच्या क्रमाचा विषय मी काढला तर 'हिला आतापासूनच नावाची घाई' असं सरांना वाटेल. कसं बोलू?
— एक वाचक, निपाणी

नमस्कार मॅडम,

क्रमाचा विषय काढण्याआधी एक कागद तयार करा आणि त्या कागदाच्या डाव्या बाजूला माणसं लिहू नका, कामं लिहा. नावांपासून बोलणं सुरू झालं की जो तो आपलं नाव कितवं आहे तेवढंच बघतो. कामांपासून सुरू झालं की "अगं, विहिरी निवडताना आपण भूजल खात्याचे नकाशे बघितले होते, ते राहिलं" अशी भर पडत जाते. त्या भरीतून क्रम बराचसा आपोआप पुढं येतो आणि तो तुम्ही मागितलेला वाटत नाही.

कामं मोघम लिहू नका. 'लॅब वर्क' हे दोन शब्द तुमचंच नुकसान करतील. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून 48 तासांच्या आत तपासावा लागतो. म्हणजे चिकोडीहून संध्याकाळी बर्फाची पेटी घेऊन परतलेली व्यक्तीच दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटरपुढं बसलेली असते. 220 नॅनोमीटरला एक वाचन, पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळं ते फुगलंय का हे कळायला 275 ला दुसरं, शिवाय प्रत्येक खेपेला स्टँडर्डचा आलेख. नमुने आणणं ही एक ओळ, तपासणी ही दुसरी, वाचनांची दुरुस्ती आणि खात्री ही तिसरी. याच बारकाईनं इतरांचीही कामं लिहा: प्रश्न ठरवणं, विहिरींची निवड, प्रश्नावली, मुलाखती, खतांचा हिशेब, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरच्या आकड्यांची तुलना, नकाशे, पहिला मसुदा, मसुद्यातल्या दुरुस्त्या, उपकरणं आणि पैसा. समोर कुणी काय केलं ते लिहा आणि प्रत्येकाचा वाटा मुख्य, बरोबरीचा की मदतीचा, एवढंच नोंदवा.

हे तीन दर्जे माझ्या मनचे नाहीत. बरीच जर्नल्स आता पेपर घेताना CRediT नावाची 14 कामांची यादी भरून मागतात आणि तिच्यात असेच तीन दर्जे देता येतात. पण त्या यादीवरून घरचा कागद करायला बसू नका. तिच्यात 'इन्व्हेस्टिगेशन' या एकाच शब्दाखाली तुमची विहिरींची पायपीट, तुमची तपासणी आणि गुरुजींच्या मुलाखती तिन्ही जाऊन बसतात. आपापसात बोलायला आपली यादी वापरा, जर्नलच्या शब्दांत ती शेवटी बसवा.

टक्के मात्र टाळा. 40, 25, 20 असे आकडे टाकले की बेरीज शंभर व्हायलाच हवी, म्हणजे एकाचे पाच वाढवायचे तर दुसऱ्याचे पाच कापायचे आले. कामाची ओळ वाढवताना कुणाचं काही जात नाही. पुढं कॉलेजनं किंवा विद्यापीठानं सहलेखकांच्या वाट्याचं प्रमाणपत्र टक्क्यांत मागितलं तर तेव्हा याच कागदावरून गोळाबेरीज आकडे काढा आणि सगळ्यांनी एकाच प्रतीवर सह्या करा. एकाच पेपरसाठी दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे गेलेले मी पाहिले आहेत. ते निस्तरताना दोन्ही लेखकांची तोंडं एकमेकांकडं कधी झाली नाहीत.

कागद झाला की तो आधी फक्त सरांना दाखवा, समोर बसून. ग्रुपवर टाकून त्यांना कळू देऊ नका, आणि कोल्हापूरकरांशी बोलून मग सरांकडं जाऊ नका. आपल्यामागं ठरलं असं गाईडला वाटलं की क्रम बरोबर असूनही तो बिघडतो. नावाच्या घाईचं म्हणाल तर ते वेळेवर अवलंबून आहे. सबमिशनच्या आदल्या दिवशी काढलात तर ती घाई दिसेल. मसुदा अभिप्रायासाठी देताना त्याच भेटीत काढलात तर ते कामाचाच भाग दिसतं. बोलणं इतकं साधं असू द्या: "सर, जर्नल प्रत्येक लेखकाचं काम लिहून मागतं. मी एक कच्चा कागद केलाय. तुमच्या ओळी मला पुरत्या माहीत नाहीत, त्या तुम्ही सांगाल का?" आणि खरोखरच त्यांच्या ओळी कोऱ्या ठेवून न्या. विषय सुचवणं, विहिरी तीन गटांत विभागायची कल्पना, उपकरणासाठीचा निधी, तुमच्या मसुद्यावर लाल शाईनं केलेल्या खुणा, हे त्यांना स्वतःला लिहू द्या. मग शेवटी विचारा, "यावरून माझं पहिलं आणि तुमचं शेवटचं, करस्पाँडिंग म्हणून, असं सुचवावंसं वाटतं. तुम्हाला कसं वाटतं?"

आपल्याकडं रसायनशास्त्रात गाईड शेवटी आणि पत्रव्यवहाराला गाईडच, ही सर्रास रीत आहे. गणितात आडनावांच्या अक्षरक्रमानं नावं लागतात, तिथं हा प्रश्नच उद्भवत नाही. तुमच्या बाबतीत सर करस्पाँडिंग असण्याला एक व्यवहारी कारणही आहे. पेपर छापल्यावर वर्षानुवर्षं कुणी ना कुणी शंका विचारतं, आणि गेस्ट लेक्चररचा कॉलेजचा ईमेल नेमणुकीबरोबर संपू शकतो. मात्र जर्नलच्या साईटवर पेपर चढवायचं काम तुम्ही सांभाळाल, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. नावं त्या फॉर्ममध्ये ज्या क्रमानं भरली जातात तोच क्रम पुढं चालतो.

आता कोल्हापूरकर. त्यांना दुसरं नाव का हवंय हे तुम्ही विचारलंय का? बहुतेक वेळा यामागं पदोन्नतीचा हिशेब असतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमांतल्या गुणतक्त्यात दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला पेपरच्या गुणांचे 70 टक्के मिळतात. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखकाला 70 टक्के आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के. तुमच्या पेपरवर चौघं आहेत, तेव्हा त्या तक्त्यात दुसरा आणि तिसरा दोघंही 30 टक्क्यांवरच. दुसऱ्या नावानं गुणांत काही वाढत नाही. त्यांना हे माहीत नसेल तर कळल्यावर आग्रह निम्मा होईल. त्यांच्या कॉलेजची समिती हे कसं मोजते ते त्यांनी आपल्या आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून, पक्कं करून घ्यावं. तुम्हाला आणि सरांना मात्र या नियमाखाली एकमेकांचं काही सोडावं लागत नाही, पहिलं नाव आणि करस्पाँडिंग अशी दोन्ही स्थानं वरच्या वाट्याची आहेत.

आणि गुण बाजूला ठेवले तरी त्यांचा दावा तपासायला हवा. नुसते नकाशे काढले असतील तर ते मदतीचं काम. पण उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे आकडे त्याच त्या विहिरींचे आहेत, म्हणून विहीर विहिरीशी जोडूनच तुलना करायची, हे त्यांनी सुचवलं असेल, किंवा एकदोन विहिरींचे अफाट आकडे सगळी सरासरी ओढून नेतात हे त्यांच्या लक्षात आलं असेल, आणि रिझल्ट्समधले परिच्छेदही त्यांनी लिहिले असतील, तर दुसरं नाव त्यांचंच आहे. पत्रावरून मला हे दुसरंच जास्त शक्य वाटतं. तसं असेल तर घासाघीस करू नका, आपणहून सुचवा.

गुरुजींच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण अशी माणसं आपल्या भागातल्या पेपरांतून नेहमी गळतात. निपाणीकडं एक शेतकरी मराठीत बोलतो, चिकोडीकडं वळलात की पुढचा कन्नडमध्ये, आणि मधल्या गावांत एकाच वाक्यात दोन्ही. इंग्रजी प्रश्नावली दोन्ही भाषांत विचारता येईल अशी करणं हे हमाली काम नव्हे. तरी तेवढंच असतं तर मी 'आभारात नाव घाला' म्हटलं असतं. पण पोत्यांचा हिशेब वेगळा आहे. शेतकरी एकराला किती किलो नत्र टाकलं हे सांगत नाही, किती पोती टाकली हे सांगतो. युरियाचं पोतं 2018 पासून 45 किलोचं झालं, त्याआधी 50 किलोचं होतं. डीएपीचं अजूनही 50 चंच. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे जुन्या पोत्यात 23 किलो आणि नव्या पोत्यात 20.7 किलो. डीएपीत ते 18 टक्केच, म्हणजे पोत्यात 9 किलो. "चार पोती" या उत्तराचा अर्थ कोणतं खत, यावर दुपटीनं बदलतो. गुरुजींनी प्रत्येक घरी 'कशाची पोती' हे विचारून वेगळं लिहून घेतलं असेल, तर तुमच्या पेपरमधला खत आणि नायट्रेटचा संबंध त्यांच्या या प्रश्नावर उभा आहे. रिव्ह्यूअरनं त्या तक्त्यावर शंका काढली तर उत्तर तुम्हाला येणार नाही, त्यांना येईल. लेखक कोण, याची खूण मी इथं धरतो.

वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आयसीएमजेई नावाची समिती आहे. तिच्या चार अटी आता वैद्यकाबाहेरही पुष्कळ ठिकाणी मानतात. आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर गंभीर दुरुस्त्या सुचवण्यात सहभाग हवा. अंतिम प्रतीला मंजुरी हवी. आणि पेपरमधल्या कुठल्याही भागाबद्दल जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही लागतात. गुरुजी पहिली अट पुरी करतात आणि दुसरीवर अडकतात, कारण इंग्रजी मसुदा त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. पण त्याच समितीनं हेही म्हटलंय की पहिली अट पुरी करणाऱ्याला पुढच्या अटी पुऱ्या करायची संधी द्यायला हवी. मसुदा दाखवायचा नाही आणि मग 'त्यांनी मसुद्यात काही केलं नाही' म्हणून वगळायचं, हे बसत नाही.

तेव्हा एखाद्या रविवारी त्यांच्याकडं जा. मुलाखतींची पद्धत, खतांचा तक्ता आणि निष्कर्ष एवढं मराठीत वाचून दाखवा आणि ते काय दुरुस्त करतात ते लिहून घ्या. एखादा तरी आकडा ते बदलतील असं मला वाटतं. "माझं नाव कशाला" हे पहिल्यांदा आपल्याकडं सगळेच म्हणतात, चहा नको म्हणतात तसं. त्याला नकार समजू नका. दोन्ही पर्याय समोर ठेवा: लेखक व्हायचं तर अंतिम प्रत वाचून लेखी संमती द्यावी लागेल आणि आपल्या भागाबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. ते नको असेल तर आभारात नाव आणि नेमकं काम लिहू, त्यालाही त्यांची लेखी परवानगी घ्यायची. त्यांनी विचार करून दुसरा पर्याय निवडला तर तो माना.

एचओडींचं नाव हा या सगळ्यातला अवघड भाग आहे आणि तो तुम्ही एकटीनं सोडवू नका. निधी मिळवणं, विभागाची सर्वसाधारण देखरेख, सर्वसाधारण प्रशासकीय मदत, यातल्या एकट्या गोष्टीवर माणूस लेखक होत नाही, असं तीच समिती स्पष्ट सांगते. याची जागा आभारात, आणि ते आभार हात राखून लिहू नका. कोणतं उपकरण, कोणती सोय, हे नावानिशी लिहा. सरांसमोर कागद असतानाच विचारा: "सर, एचओडी सरांचं नाव घालायचं झालं तर त्यांच्यापुढं कोणतं काम लिहू?" हे टोमण्यात नको, खरोखरच विचारा. कदाचित त्यांनी विहिरींच्या निवडीत काही सुचवलं असेल आणि तुम्हाला ते ठाऊक नसेल. तसं असेल तर त्यांनाही मसुदा द्या. काहीच नसेल तर हा कोरा रकाना सरांच्याही डोळ्यांसमोर येतो, आणि एचओडींशी बोलायचं काम त्यांच्या पातळीवर त्यांनीच करावं हे सुचवणं सोपं जातं. तरीही सर म्हणाले "घालूया, विभागात राहायचंय", तर तुमची पुढच्या वर्षाची नेमणूक कुणाच्या हातात आहे हे मला कळतं. भांडा असं मी सांगणार नाही. फक्त त्यांच्या नावापुढची कामाची ओळ तुमच्या हातानं रचून लिहू नका. ती सरांना भरू द्या, कारण पेपर चढवताना ही माहिती खरी असल्याची हमी तुम्ही देणार आहात.

सर आणि बाकी दोघांशी वेगवेगळं बोलून झालं की मगच सगळ्यांना एकत्र मेल करा. सरांची भाषा कन्नड, तुमची मराठी, तेव्हा मेल इंग्रजीतच जाईल, आणि गुरुजींना त्याच दिवशी फोनवर मराठीत सांगा. मजकूर साधारण असा असावा:

"सर्वांना नमस्कार. मसुद्याची ताजी प्रत आणि कामांचा तक्ता सोबत जोडला आहे. आपापल्या ओळी कृपया तपासा. काही राहिलं असेल तर भर घाला, जास्तीचं लिहिलं गेलं असेल तर कमी करा. या तक्त्यावरून नावांचा क्रम असा सुचवत आहे: पहिलं माझं, दुसरं आकडेमोड आणि नकाशांसाठी, तिसरं मुलाखती आणि खतांच्या हिशेबासाठी, शेवटचं आणि पत्रव्यवहारासाठी सरांचं. हा प्रस्ताव आहे, कुणाचं वेगळं मत असेल तर मला फोन करा किंवा मेल करा. येत्या शुक्रवारपर्यंत प्रत्येकाचं 'मान्य' किंवा 'बदल हवा' असं उत्तर आल्यावरच पेपर चढवेन. रिव्ह्यूनंतर नवं मोठं काम करावं लागलं तर तक्ता आणि क्रम पुन्हा बघू."

यात क्रमाआधी तक्ता आहे आणि प्रत्येक स्थानाशेजारी त्याचं कारण आहे. 'उत्तर आलं नाही तर संमती समजेन' असं मुद्दाम लिहिलेलं नाही. गप्प राहणारा माणूस सहसा गप्पच राहतो, आणि पेपर स्वीकारल्याचा मेल आल्यावर बोलतो. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा ही संमती धरू नका, आपल्या ग्रुपवर शोकसंदेशालाही अंगठे पडतात. मेलला आलेली तिन्ही उत्तरं पीडीएफ करून ठेवा. शेवटचं वाक्यही गाळू नका. रिव्ह्यूअरनं आणखी एका हंगामाचे नमुने मागितले आणि ते कोल्हापूरकरांनीच आणले, तर आजचा तक्ता जुना होईल.

कुणी हरकत घेतली तर ग्रुपमेलवर उत्तर देऊ नका. फोन करा आणि एवढंच विचारा की तक्त्यातली कोणती ओळ चुकली आहे. ओळ सांगता आली तर आधी ती दुरुस्त करा, मग क्रम बघा. ओळ सांगता येत नसेल आणि तरी स्थान हवं असेल, तर तो प्रश्न सरांकडं न्या. दोघांना 'समान वाटा' म्हणून पहिलं स्थान देणारी तळटीप काही जण शांततेसाठी देऊन टाकतात. तुम्ही ती देऊ नका. नमुने, तपासणी आणि मसुदा तिन्ही तुमचे असताना ती खरी नसेल, आणि संदर्भात लोक तरीही पहिल्या आडनावानंच पेपर ओळखतात.

हे सगळं पेपर चढवण्याआधीच का, याचं कारण जर्नलच्या पद्धतीत आहे. एकदा पेपर गेल्यावर नाव घालायचं, काढायचं किंवा हलवायचं झालं तर बहुतेक संपादक कारण आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. ज्याचं नाव निघतंय त्याचीही. वाद पेटला तर संपादक निवाडा करत नाहीत, ते तुमच्या संस्थेकडं पाठवतात, आणि तोवर पेपर अडकून राहतो.

बऱ्याच जर्नल्सकडून पेपर चढला की प्रत्येक सहलेखकाला आपोआप एक मेल जातो. गुरुजींना तसा मेल येणार, तो स्पॅममध्येही जाऊ शकतो, आणि त्यात एखादी लिंक दाबून खात्री द्यावी लागू शकते, हे आधीच सांगून ठेवा. त्यांच्याकडं लेखकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा आकडी क्रमांक नसेल तर त्याच रविवारी काढून द्या, तो फुकट मिळतो. आणि चौघांचीही नावं इंग्रजीत कशी छापायची ते विचारून घ्या. सरांनी आधीच्या पेपरांत नाव नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलं असेल आणि तुम्ही पूर्ण लिहिलंत, तर शोधताना हा पेपर त्यांच्या नावावर दिसायचा नाही. तुमचंही तसंच. लग्नाआधीच्या आडनावानं काही छापलं असेल तर या पेपरवर कोणतं आडनाव, हे आजच ठरवा.